तुम्ही विचारलंत म्हणून : नमस्कार न करणाऱ्या मुलीबद्दल

"तुमची मुलगी घरी आलेल्या माणसाला साधा नमस्कारसुद्धा करत नाही. तुम्ही तिला काही सांगत नाही का?"

सांगते. फक्त तुमच्या देखत सांगत नाही. तुमच्या देखत सांगितलं की काय होतं, ते मी एकदा नीट पाहिलंय.

साताऱ्याकडे एका वास्तुशांतीला गेलो होतो. ती तेव्हा साडेचार वर्षांची. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची पहिली पंगत उठत होती आणि बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसलेली. माझ्या चुलत सासऱ्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. माणूस हौशी, मोठ्या आवाजाचा. तिला पाहून त्यांना खरंच आनंद झाला होता, हे आधी सांगून ठेवते. "ये, आजोबांच्या पाया पड, पेढा देतो." ती माझ्या साडीत शिरली. "अगं, मी कोण? ओळखलंस का?" काहीच नाही. मग त्यांनी तिच्या दंडाला धरून पुढे ओढलं, पेढा तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "नमस्कार केल्याशिवाय मिळायचा नाही."

आता यात गंमतच होती, सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मुकी आहे का गं?" आणखी कुणीतरी, "घरी बघा, पोपटासारखी बोलत असेल." तेही खरंच होतं. ती मात्र हलेना. हात अंगाला चिकटलेले, मुठी वळलेल्या, नजर त्यांच्या चपलांवर. रडत नव्हती. रडली असती तर कुणीतरी उचलून घेतलं असतं. तेवढ्यात जाऊबाईंचा धाकटा आला, धाडकन पाया पडला आणि पेढा घेऊन गेला. "बघ, तो कसा शहाणा!" तेव्हा तिच्या फ्रॉकखालून फरशीवर पाणी आलं. अख्ख्या खोलीला दिसलं.

मी तिला उचललं, जाता जाता बॉक्समधून एक पेढा घेतला आणि मागच्या अंगणात नेऊन तिच्या हातात दिला. तो पेढा आमच्या सासरी अजून गाजतोय. "एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून ओढून घेतला." ओढला नव्हता. पण उचलला होता, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उचलेन.

लग्नाआधीची मी तिथे असते तर हसणाऱ्यांतच असते. शेजारच्यांच्या पोराने तोंड फिरवलं की "लाडावलंय" म्हणणारी मीच होते. आणि त्या वास्तुशांतीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले : मुलांना नमस्कार कर म्हणायचंच नाही, वाटेल तेव्हा करतील. या दोन्ही बायकांशी माझं आता पटत नाही. दुसरीशी जास्त पटत नाही, कारण तिचा नियम सोपा होता आणि त्यात मुलीला काहीच शिकवायला लागत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. जेरोम केगन नावाचे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ चार महिन्यांच्या बाळांपुढे हलती खेळणी धरत, त्यांना अनोळखी आवाज ऐकवत. साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. पुढे अनोळखी माणसांपुढे गप्प होणारी मुलं याच गटात जास्त निघाली. अर्थात त्यातली सगळी तशी राहिली नाहीत, म्हणजे जन्मपत्रिका नव्हे ती. पण चार महिन्यांच्या बाळावर संस्कार कमी पडले असं तर कुणी म्हणणार नाही ना?

मग लाजणारं मूल आणि उद्धट मूल ओळखायचं कसं? माझी खूण अशी : लाजणाऱ्याला पाहुण्यांत रस असतो. ते दाराआडून बघतं, अर्ध्या तासाने हळूच जवळ येऊन आपलं खेळणं तुमच्या पायाशी ठेवतं, आणि तुम्ही गेल्यावर "त्या काकांच्या कानावर केस का होते?" असं विचारतं. ज्याला फिकीरच नाही ते मोबाइलमधून मान वर काढत नाही, आणि तुम्ही गेलात हेही त्याला कळत नाही. या दुसऱ्याला ठणकावून सांगावं, मी सांगतेही. भाच्याला विचारा.

लाजणारीला शिकवायची पद्धत वेगळी. पाहुणे यायच्या आधी तिला सांगते : ठाण्याच्या आत्या येणार आहेत, त्या बाबांच्या आत्या, मोठ्याने बोलतात, पण रागावलेल्या नसतात. आल्यावर नमस्कार मी करते, मोठ्याने, तिला दिसेल असा. तिला पाणी द्यायला लावते. हातात तांब्या-भांडं असलं की तिला तोंडाचं काय करायचं हा प्रश्न पडत नाही, आणि पाहुण्यालाही कुणीतरी विचारपूस केल्यासारखं वाटतं. दसऱ्याला हे अगदी स्पष्ट दिसतं. एरवी गप्प असणारी ही मुलगी आपट्याची पानं हातात घेऊन अख्ख्या बिल्डिंगला सोनं वाटून येते. काम ठरलेलं, वाक्य ठरलेलं, आणि देऊन झालं की निघता येतं.

नमस्काराचा आग्रह मी पाहुणे निघताना धरते, येताना नाही. तोवर माणूस ओळखीचा झालेला असतो. जोडलेले हात चालतात, मान हलवलेली चालते, काहीच न करणं चालत नाही. पाया पडणं, मांडीवर बसणं, पापी देणं या अंगाला हात लागायच्या गोष्टी पूर्णपणे तिच्या मर्जीवर. तिथे आजीसुद्धा अपवाद नाही. यावरून सासूबाई दुखावल्या, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. त्यांच्या पिढीला नातवंडाने पाया पडण्यातच माया मोजता येते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, नियम आहे.

तुमच्याकडूनही एक हवंय. "नाव काय तुझं?" विचारून तिच्या तोंडाकडे बघत बसू नका. "केळं खाणार की पेरू?" विचारा, कारण दोनातलं एक निवडणं सोपं जातं. मग मनात पाच आकडे मोजा. मीही तेवढा वेळ तिच्या वतीने बोलत नाही, हे मला सगळ्यात अवघड जातं. आणि तिच्यासमोर "लाजाळू आहे हो" असं तर मीही म्हणत नाही.

मूल शाळेतही महिनोन् महिने अवाक्षर बोलत नसेल, तहान लागली तरी बाईंना सांगत नसेल, तर मात्र एवढं सगळं करत बसू नका. नव्या शाळेचा पहिला महिना सोडून द्या, त्यानंतरही तसंच चाललं तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. घरी भरपूर आणि बाहेर शून्य बोलणाऱ्या मुलांच्या त्या त्रासाला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात, तो चिंतेच्या आजारांत मोडतो आणि त्यावर उपचार आहेत. आमच्या मुलीचं ते नाही, तिच्या शाळेतून तक्रार येते ती बडबडीची.

आता ती नऊ वर्षांची आहे आणि तिला माझा नियम माझ्यापेक्षा चांगला कळतो. परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. ते हसले, ही भिंतीकडे बघत राहिली. बाहेर पडल्यावर विचारलं तर म्हणाली, "आई, मी लाजते ना." त्याच आजोबांच्या कुत्र्याशी ती रोज दहा मिनिटं गप्पा मारते, त्यांच्या देखत. मी म्हटलं, ही लाज नाही, हा आळस आहे. ती म्हणाली, तुला कसं माहीत? आमचं भांडण अजून चालू आहे, आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुम्ही दिवाळीत येणार म्हणालात. या, पण आदल्या दिवशी फोन करा. तिला आधी सांगायला लागतं.