नऊ गुणांवरची सरासरी

फोंडा, शुक्रवार. चवथीची सुट्टी सोमवारपासून.

आज शेवटच्या तासानंतर दोघेजण भेटायला थांबले. दोघांच्याही हातात मोबाईल, दोघांच्याही स्क्रीनवर मूडल या आमच्या ऑनलाइन अभ्यास-प्रणालीवरचं गुणपत्रक. तिची सरासरी 92 टक्के. ती म्हणाली, "मॅडम, ह्या विषयाचं आता टेन्शन नाही, सुट्टीत दुसरे विषय बघते." त्याची 50. तो हळूच म्हणाला, "मॅडम, हा विषय सोडून दुसरा घेऊ का?"

दोघांनीही एकाच आकड्यावर विसंबून निर्णय घेतला होता, म्हणून मी त्यांना बसवून घेतलं आणि फळ्यावर विषयाचं वेटेज लिहिलं. पाच क्विझना मिळून 10, तीन असाइनमेंटना 15, प्रॅक्टिकलला 15, मिडटर्मला 25, अंतिम परीक्षेला 35. यातलं आतापर्यंत तपासून झालंय काय? दोन क्विझ आणि एक असाइनमेंट. म्हणजे क्विझच्या 10 पैकी 4 आणि असाइनमेंटच्या 15 पैकी 5. शंभरातले नऊ.

तिला त्या 9 पैकी 8.3 गुण मिळालेत, त्याला 4.5. फरक फक्त 3.8 गुणांचा, पण स्क्रीनवर तो 92 आणि 50 असा दिसतो, कारण उरलेले 91 गुण हिशेबातच नाहीत. मूडलमध्ये Exclude empty grades असा पर्याय असतो. तो चालू असला की न तपासलेल्या रकान्यांना वगळून सरासरी निघते. बंद केला तर ते सगळे रकाने शून्य धरले जातात आणि तिलाही आठच टक्के दिसतील. त्यानं तर मुलं आणखी घाबरतील, म्हणून मी तो चालूच ठेवते.

मग दोघांना एकच गणित करायला लावलं. शेवटी 75 हवेत, तर उरलेल्या कामात किती टक्के पडायला हवेत? 75 मधून मिळालेले गुण वजा करायचे आणि उरलेल्या 91 नी भागायचं. तिला 73.3 टक्के लागतात, त्याला 77.5. तो आकडा दोनदा तपासून तो गप्पच झाला. विषय सोडायला निघालेला मुलगा तिच्यापेक्षा जेमतेम चार टक्के मागे होता. तीही गप्प झाली, कारण 73 टक्के मिडटर्ममध्ये आणि अंतिम परीक्षेत आणायचे म्हणजे सुट्टीत हा विषय बाजूला ठेवून चालणार नाही.

त्यात क्विझ घरी बसून, वही उघडून सोडवायच्या असतात. अंतिम परीक्षा वर्गात, तीन तासांची, वही बंद. पहिल्या नऊ गुणांत जे मोजलं गेलं ते आणि पुढे जे मोजलं जाणार ते, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. तिचे 92 खरे आहेत, कष्टाचे आहेत. पण पुढच्या 91 गुणांबद्दल ते फार थोडं सांगतात.

एक बारकावा मात्र त्यांना समजावताना वेळ लागला, आणि मुलं नेमकी तिथेच फसतात. समजा मिडटर्ममध्ये तिला 58 टक्के पडले. स्क्रीन काय दाखवेल? क्विझ गट पूर्ण 10 चा, असाइनमेंट गट पूर्ण 15 चा, मिडटर्म 25 ची, असं धरून सरासरी येईल 75. गटातलं एखादंच काम तपासलेलं असलं तरी मूडल त्या गटाला त्याचं पूर्ण वेटेज देऊन टाकतं. प्रत्यक्षात तपासलेले गुण 34 च आहेत आणि तिच्याकडे त्यातले 22.8, म्हणजे 67 टक्के. एकाच दिवशी एकाच मुलीचे दोन आकडे, आठ टक्क्यांच्या अंतराचे, आणि दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर. तिसरी, चौथी क्विझ आणि बाकीच्या असाइनमेंट तपासल्या गेल्या की हे अंतर कमी होत जातं.

म्हणून मला वाटतं, सरासरीचा आकडा कधीच एकटा दाखवू नये. त्याच्या शेजारी 'शंभरातले किती गुण तपासून झाले' हे दिसलंच पाहिजे. सुट्टीत बसून वर्गाच्या तक्त्यात तो रकाना घालणार आहे. आज तिथे 9 असेल, मिडटर्मनंतर 34, आणि प्रॅक्टिकलसकट सगळं संपल्यावर अंतिम परीक्षेआधी 65. तेव्हाही सरासरी 75 असलेल्या मुलाला शेवटच्या पेपरात 50 टक्केच पडले तर तो 66 वर येऊन थांबतो.

त्यानं विषय सोडायचा अर्ज अजून भरलेला नाही. मुदत सुट्टीनंतरच्या आठवड्यात संपते. त्याला म्हटलं, तोवर मिडटर्मच्या पहिल्या तीन प्रकरणांची उदाहरणं सोडवून आण, वही बंद ठेवून. ती बघू आणि मग ठरवू.