अर्जातले नव्वद रुपये

दसरा जवळ आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात साफसफाई सुरू होते, काट्याची तपासणी होते, आणि हिशेबाच्या खोलीत एक जास्तीची खुर्ची येऊन पडते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जुन्या लेखापालाला एकट्याने सगळे उरकत नाही, म्हणून दरवर्षी एखादा नवा हात घेतला जातो. अशा खोलीत मी तीस वर्षे काढली असल्यामुळे निवृत्तीनंतरही गावातली पोरे या दिवसांत अर्ज घेऊन माझ्या ओसरीवर येतात. यंदा शेजारची मुलगी आली. उन्हाळ्यात अमरावती विद्यापीठाची बी.कॉम. झाली, टॅलीचा तीन महिन्यांचा वर्ग केला, आणि तालुक्याच्या जिनिंगमध्ये कनिष्ठ लेखापाल पाहिजे असल्याचे ऐकून तिने बायोडाटा आणि त्याला जोडायचे पत्र तयार करून आणले होते.

"काका, हे एकदा पाहून द्या ना," म्हणाली आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेला, अजून कडक असलेला कागद तिने माझ्या हातात ठेवला.

पत्र टापटीप होते. "आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे. मी मेहनती, प्रामाणिक व वेळेची पक्की असून कोणत्याही परिस्थितीत काम करण्याची माझी तयारी आहे." त्याखाली शिक्षण, त्याखाली टक्के, म्हणजे बायोडाट्यात जे होते तेच पुन्हा. मी शेवटपर्यंत वाचले आणि मग सवयीने वर गेलो, तर विषयाच्या ओळीत "वायरमन पदासाठी अर्ज" असे छापलेले होते. दुकानदाराने आधीच्या कोणा गिऱ्हाइकाचे पत्र उघडून त्यात हिचे नाव व पदवी भरली होती आणि विषयाची ओळ तशीच राहिली होती. ती ओशाळली. मी हसलो खरा, पण हिशेबाच्या माणसाने हसून सोडून द्यावी अशी ही चूक नाही. मागच्या पानावरची शिल्लक न तपासता पुढे ओढणारा माणूस असेच करतो, आणि जो शेठ हा कागद वाचणार तो पहिल्यांदा तेवढेच पाहणार.

विषयाची ओळ एका मिनिटात दुरुस्त झाली असती. खरी अडचण खालच्या मजकुराची होती. मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द मी हंगामाच्या तोंडावर आलेल्या प्रत्येक पत्रात वाचले आहेत, आणि ज्याला दोन महिन्यांत काढावे लागले त्याच्याही पत्रात ते होते. आमच्या धंद्यात व्हाउचर नसलेली नोंद धरत नाहीत. खर्च झाला म्हणता, मग पावती दाखवा. पत्रात एखादी मुलगी स्वतःला काटेकोर म्हणत असेल तर त्या काटेकोरपणाचीही काहीतरी पावती सोबत असायला हवी, नाहीतर वाचणारा ते वाक्य वाचतो आणि त्याच्या डोक्यात काहीच जमा होत नाही.

"तू आजवर कोणाचा हिशेब लिहिला आहेस का?" मी विचारले.

"नाही ना काका. अनुभवाच्या जागी म्हणूनच 'नाही' लिहिलं."

तिची आई बचत गटाची सचिव आहे हे मला माहीत होते, म्हणून गटाची वही कोण लिहिते ते विचारले.

"ते तं मीच लिहितो, दोन वर्षांपासून. पण त्याचे पैसे थोडेच भेटतात? त्याले कोण अनुभव म्हणते?"

वऱ्हाडातल्या पोरींची ही एक गंमत आहे. घरचे, गटाचे, देवळाच्या वर्गणीचे जे काम बिनपगारी केले ते त्यांच्या लेखी कामच नसते. मी तिला वही आणायला पाठवले. ती वही, बँकेचे पासबुक आणि रबराने बांधलेला स्लिपांचा गठ्ठा घेऊन आली. गटात अकरा बायका, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये बचत, त्यावर सभासदांना दिलेल्या कर्जाचे व्याज, आणि दर महिन्याला हे पैसे बँकेत भरणे, एवढाच व्यवहार. पाने उलटताना मार्चअखेरच्या पानावर तिने लाल शाईने केलेली आकडेमोड दिसली, आणि ती काय आहे हे विचारल्यावर जे निघाले त्याने पुढचा सगळा तास घेतला.

मार्चअखेर वहीप्रमाणे बँकेत ४१,७१६ रुपये असायला हवे होते आणि पासबुकात ४१,५६७ होते. फरक १४९ रुपयांचा. आकडेमोडीची एक जुनी खूण आहे : फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. १४९ ला नवाने भाग जात नाही, म्हणून तिने तो नाद सोडून पासबुक ओळीने तपासले. फेब्रुवारीत बँकेने ५९ रुपये आकार कापून घेतला होता, पन्नास रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे नऊ. वहीत त्याची नोंदच नव्हती, कारण बँक पैसे कापताना कोणाला सांगायला येत नाही. ते खर्ची टाकल्यावर वहीची शिल्लक ४१,६५७ झाली.

येथे एक मोठा चकवा होता. वहीत ४१,६५७ आणि पासबुकात ४१,५६७. हे आकडे शेजारी ठेवले की कोणालाही वाटेल, शिल्लक उतरवून घेतानाच पाच आणि सहा उलटे लिहिले गेले असतील. तिलाही तसेच वाटले. तिने पासबुक पुन्हा छापून आणले, तर आकडा तोच. आता मात्र उरलेल्या नव्वदला नवाने भाग जात होता, म्हणून तिने वर्षभराचे भरणे स्लिपांशी एकेक करून लावले. जानेवारीत बचतीचे २,२०० आणि व्याजाचे २५० असे २,४५० रुपये बँकेत भरले होते, स्लिपवर तेच होते, आणि वहीत २,५४० लिहिले गेले होते.

"तेरीज जुळली होती का?" मी मुद्दाम विचारले.

"जुळली होती, काका. म्हणून तं आधी कळलंच नाही."

जुळणारच. बँकेत भरलेली रक्कम एका बाजूला बँकेला जमा दिसते आणि दुसऱ्या बाजूला रोखीतून वजा होते. दोन्हीकडे तोच चुकीचा आकडा पडला तर बेरजा सारख्याच येतात, आणि तेरीज जुळली म्हणून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो. पण अशी चूक दुसऱ्या एका ठिकाणी उमटल्याशिवाय राहत नाही. वहीत रोख नव्वद रुपयांनी जास्त वजा झाली असेल, तर पेटीत प्रत्यक्ष नव्वद रुपये जास्त निघायला हवेत. ते निघालेही होते. फेब्रुवारीच्या बैठकीत पैसे मोजताना नव्वद रुपये वरचे भरले, कोणाचे ते कळेना, म्हणून बायकांनी ते एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पेटीच्या कोपऱ्यात ठेवून दिले होते. अध्यक्षबाईंचे म्हणणे होते की ते 'इतर जमा' म्हणून लिहून मोकळे व्हावे. तसे केले असते तर रोख जुळली असती, गटाला न झालेले नव्वद रुपयांचे उत्पन्न वहीत दिसले असते, आणि बँकेचा फरक मात्र जिथल्या तिथे राहिला असता. हिने ते लिहू दिले नाही. जानेवारीची नोंद २,४५० ची केली, तसे बँक आणि रोख दोन्ही एकदम जागेवर आले.

मी म्हटले, हेच पत्रात लिही. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "पण ते २,५४० मीच लिहिले होते, काका. आपलीच चूक नोकरीच्या अर्जात कशी लिहू?"

प्रश्न रास्त होता आणि मला लगेच उत्तर सुचले नाही. आपली चूक सांगणारे पत्र बाजूला टाकणारेही शेठ असतात. पण हंगामात दिवसाला शंभर काट्याच्या पावत्या खरेदीच्या व्हाउचरांशी लावायच्या असतात, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, मधला फरक, भाव, शेतकऱ्याचे नाव, आणि त्यात कधीच न चुकणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही, आरशातही नाही. चुकलेले शोधून काढणारे मात्र मोजकेच पाहिले. शेवटी ठरले की नोंद कोणाची चुकली ते दडवायचे नाही आणि त्याचे कीर्तनही करायचे नाही.

नवे पत्र अर्ध्या पानाचे झाले. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, मग सरळ असे : "दोन वर्षांपासून मी अकरा सभासदांच्या महिला बचत गटाची रोजकीर्द व खातेवही लिहीत आहे. गेल्या मार्चअखेर वही व पासबुक यांत १४९ रुपयांचा फरक होता. त्यांपैकी ५९ रुपये नोंद न झालेला बँक आकार होता व उरलेले ९० रुपये हे बँकेतील एका भरण्याची रक्कम माझ्याकडून २,४५० ऐवजी २,५४० लिहिली गेल्यामुळे होते. स्लिप व रोख शिल्लक यांवरून पडताळून दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या. टॅलीत खरेदी, पेमेंट, पावती, कॉन्ट्रा व जर्नल व्हाउचर मी वर्गात सरावाने केली आहेत."

पुढच्या वाक्यासाठी मी अडून बसलो. जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून थेट कापूस घेतला तर त्यावरचा पाच टक्के जीएसटी शेतकरी भरत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून तो घेणाऱ्याने भरायचा असतो. या धंद्यात बसणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हेच समोर येते. तिने ते पुस्तकात वाचले होते, केले नव्हते. "जीएसटीचे पूर्ण ज्ञान" ही तिच्या जुन्या पत्रातली ओळ खोडून आम्ही लिहिले : "शेतकऱ्याकडून खरेदी केलेल्या कापसावरील कर खरेदीदाराने भरावयाचा असतो हे मी शिकले आहे; विवरणपत्र प्रत्यक्ष भरलेले नाही." मग रुजू कधी होता येईल ते एका ओळीत, आणि निळ्या शाईची सही. पगाराचे विचारले नव्हते, म्हणून लिहिले नाही.

सोमवारी ती सकाळच्या बसने तालुक्याला गेली आणि दुपारी उन्हात परस्पर माझ्याकडेच आली. शेठजींनी बायोडाटा बाजूला ठेवून पत्र तेवढे दोनदा वाचले म्हणाली, आणि टक्के विचारलेच नाहीत.

"मग काय विचारलं?"

"म्हणे, बेटा, ते पिशवीतले नव्वद रुपये मग कुठं गेले?"

पत्रात पिशवी नव्हती, ती हिनेच तोंडी सांगितली असणार. "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, गेले कुठं नाही, गटाचेच होते. एप्रिलच्या भरण्यात बँकेत टाकले. स्लिप आणली आहे, दाखवू काय?"