पन्नास रुपयांचा फरक

रविवार, रात्र

सकाळी कोथरूडच्या दुकानातून वाणसामान आणलं. दुपारी बिलाचा फोटो काढून फोनला मजकूर उचलायला लावला. हिशेबाच्या वहीत फक्त आकडे उतरवायचे होते. फोनने हे दिलं:

```
TOOR DAL   1.500 140.00 210.00
GROUNDNUT  0.750 184.00 188.00
POHA       1.000  58.00  58.00
JAGGERY    1.000  72.00  72.00
SOAP       3      35.00 105.00
TOTAL                   583.00
CASH                    600.00
CHANGE                   17.00
```

बेरीज केली तर ६३३ आली. खाली ५८३. म्हणजे पन्नासचा फरक.

आधी एकूण रक्कम तपासली, कारण तीच चुकीची वाचली असेल तर बाकीची शोधाशोध फुकट. सहाशे दिले, सतरा परत आले, म्हणजे ५८३ बरोबर. चूक वरच्या ओळींतच होती. फरक नेमका पन्नासचा, म्हणून दशकाच्या जागी एकाच अंकात पाचाची गफलत असावी असं वाटलं. इंग्रजी 3 आणि 8 मध्ये बरोबर पाचाचंच अंतर! मग प्रत्येक ओळीत वजन गुणिले दर करत गेले. पाऊण किलो शेंगदाणे, दर १८४, होतात १३८. फोनने वाचले १८८. कागद उलगडून पाहिला तर घडी नेमकी त्या तीनवरून गेलेली.

हा गुणाकार मला आता फार मोलाचा वाटतो. नुसत्या बेरजेने चूक आहे एवढंच कळतं, ती कुठे आहे ते गुणाकार सांगतो. शिवाय दोन ओळींतल्या चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील तर बेरीज जुळूनही हिशेब खोटाच राहतो.

बिलाच्या तळाशी कराचा तक्ता होता: साबणाची करपात्र किंमत १००, सीजीएसटी २.५०, एसजीएसटी २.५०. गेल्या महिन्यात अशाच एका बिलातला कर मी खर्चात वेगळा मिळवला होता. पण तो १०५ मध्ये आधीच धरलेला असतो, तक्ता फक्त त्याची फोड दाखवतो. त्या महिन्याची वही आज दुरुस्त केली.

वाण्याच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा मात्र मी फोटोवरून हिशेब करत नाही. तिथे वजन, दर वेगळे नसतात आणि 120/- मधली तिरपी रेघ फोन एक समजतो, रक्कम थेट 1201 होते. ते आकडे मी हातानेच टाकते.

शेवटी बिल पाटावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो पुन्हा काढला. या वेळी १३८ नीट आले. किराणा ४७८, साबण १०५ असं वहीत लिहिलं. नवा फोटोही जपून ठेवला, कारण गणपतीतल्या खरेदीचं बिल डब्यात होतं तसंच आहे, पण त्यावरचे आकडे निम्मे उडालेत.