चारशे रुपये तासात माझा पगारी माणूसच परवडत नव्हता

नागपूरच्या लक्ष्मीनगरात माझी स्ट्रक्चरल डिझाइनची छोटी कन्सल्टन्सी आहे. चार इंजिनिअर, मी आणि फोन, बिलं, प्रिंटा सांभाळणारी एक ताई. काम भरपूर, तरी दर मार्चला खात्यात खडखडाट. बिल्डर पैसे उशिरा देतात म्हणून असं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. गेल्या वर्षी आमच्या सीए ताईंनी सरळच विचारलं, "एका माणसाचा तास तुम्ही कितीला विकता?"

मी म्हटलं, चारशेला. हा आकडा आला कसा, तर इंजिनिअरचा पगार महिन्याला 40,000, महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे तासाचे 192 रुपये. त्याची दुप्पट केली आणि वर थोडं चढवलं. दुप्पट म्हणजे भरपूर नफा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

ताईंनी आधी पगारालाच हात घातला. 40,000 गुणिले 12 म्हणजे 4,80,000. त्यात दिवाळीचा एक पगार आणि मेडिक्लेमचा 8,000 चा हप्ता धरला की त्या पोराचा वर्षाचा खर्च 5,28,000 होतो. आमची माणसं सहाच आहेत म्हणून हे इथेच थांबलं. दहा झाली की ग्रॅच्युइटी आणि वीस झाली की पीएफ, हे याच ओळीत वाढणार.

मग तास. 365 दिवसांतून 52 रविवार, दुसरा-चौथा शनिवार मिळून 24, सणांच्या 12 सुट्ट्या (तान्हा पोळ्याला आमचं ऑफिस बंदच असतं) आणि रजा 18. उरले 259 दिवस, म्हणजे 2,072 तास. मी खूश होऊन तेवढ्यानेच भागायला निघालो. ताई म्हणाल्या, "हे तो खुर्चीत बसतो ते तास झाले. बिलात किती लागतात?"

मला सांगता येईना. म्हणून दोन महिने सगळ्यांना टाइमशीट लिहायला लावली. आधी पोरं नाराज झाली, त्यांना वाटलं सर आपल्यावर पाळत ठेवताहेत. मी माझीही शीट भिंतीवर लावली, तेव्हा कुठे निवळलं. एका मंगळवारची एकाची शीट अजून माझ्याकडे आहे: साडेनऊ ते साडेअकरा बीमचं डिझाइन, साडेअकरा ते एक बेसाच्या साइटवर जाणं-येणं, तिथे स्टील बांधूनच झालं नव्हतं, दोन ते तीन एका नव्या कामाचं कोटेशन, जे पुढे मिळालंच नाही, तीन ते सव्वापाच फुटिंगचं ड्रॉइंग, सव्वापाच ते साडेसहा आर्किटेक्टने जिना हलवला म्हणून जुनी शीट परत. आठ तासांतले सव्वाचार बिलाचे, बाकी आमच्या खिशातून. दोन महिन्यांची सरासरी 62 टक्के निघाली, म्हणजे वर्षाला 1,285 तास.

इथेच माझा घसा कोरडा पडला. 1,285 गुणिले 400 म्हणजे 5,14,000. पोराचा स्वतःचा खर्च 5,28,000. भाडं, वीज, सॉफ्टवेअर तर लांबच, त्याचा पगारही त्याच्या तासांतून निघत नव्हता. इतकी वर्षं ती भर मी माझ्या कामातून घालत होतो.

ऑफिसचा खर्च काढायला एक रविवार गेला. भाडं 28,000, सॉफ्टवेअरची लायसन्स महिन्यावर आणली की 22,000, फोन-बिलं सांभाळणाऱ्या ताईचा पगार 18,000, कॉम्प्युटरची घट 10,000, वीज सरासरी 9,000 (मे महिन्यात कूलर आणि एसी दोन्ही चालवूनही प्लॉटर तापतो), बाकी सीए, इंटरनेट, पेट्रोल, कागद-चहा मिळून 23,000. महिन्याला 1,10,000, वर्षाला 13,20,000. माझ्या मते हिशेब संपला होता. सीए ताई म्हणाल्या, "आणि तुमचा पगार?"

मी महिन्याला 80,000 घेतो. माझा निम्मा वेळ डिझाइनमध्ये जातो, त्याचं बिल होतं. उरलेला निम्मा बिल्डरांना भेटण्यात आणि वसुलीत जातो, त्याचं कुणीच देत नाही. ते वर्षाचे 4,80,000 खर्चातच धरायचे. एकूण 18,00,000. बिल करणारी डोकी साडेचार, चार इंजिनिअर आणि अर्धा मी. प्रत्येकाच्या वाट्याला 4,00,000.

म्हणजे एका इंजिनिअरमागे 9,28,000. भागिले 1,285, तासाला 722 रुपये. ही नुसती बरोबरी झाली, नफा शून्य.

नफा 20 टक्के हवा म्हणून मी 722 ला 1.2 ने गुणून 867 लिहिले. ताईंनी ते खोडलं. 867 वर खर्च 722 म्हणजे बिलातले 145 उरतात, आणि ते बिलाच्या 17 टक्केही नाहीत. बिलाच्या 20 टक्के हातात उरायला हवे असतील तर खर्चाला 0.8 ने भागायचं, मग 903 येतात. 36 रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण एका माणसामागे वर्षाला तो 46,400 होतो. आम्ही 900 धरले. जीएसटीचे 18 टक्के त्याच्या वर, ते आपले नाहीतच. बिल्डर 10 टक्के टीडीएस कापून देतो, तो रिटर्न भरताना हिशेबात येतो. पण तोवर हातात कमी पडतात, हे लक्षात ठेवूनच पगाराची सोय करावी लागते.

मग मी आकडे हलवून पाहिले. सगळ्या खर्चात मी पगारवाढीलाच जास्त घाबरत होतो. पण इंजिनिअरचा पगार (आणि त्यासोबत दिवाळीचा) 10 टक्क्यांनी वाढवला तरी दर पन्नासेक रुपयांनीच वाढतो. बिलाचे तास 62 वरून 50 टक्क्यांवर आले तर मात्र दर थेट 1,120 करावा लागतो. खरं भोक तिथे होतं.

आता अडचण अशी की नागपुरात घरं बांधणारा बिल्डर तासावर पैसे देतच नाही, तो स्क्वेअर फुटावर बोलतो. म्हणून झालेलं एक काम उलटं तपासलं. मनीषनगरकडची तीन मजल्यांची बिल्डिंग, 8,000 स्क्वेअर फूट, आठ रुपयांनी 64,000 फी. टाइमशीटवर तास निघाले 110. तासाला 582, बरोबरीच्या 722 पेक्षाही खाली. पण त्यातले 38 तास कॉलम ठरल्यानंतरच्या बदलांचे होते. ते वगळले तर 72 तास आणि दर 889. म्हणजे स्क्वेअर फुटाचा भाव चुकला नव्हता, फुकटचे बदल खाऊन टाकत होते.

त्यामुळे भाव न वाढवता कोटेशनमध्ये एक ओळ घातली: कॉलम लेआउटवर सही झाल्यावर जो बदल होईल त्याचे तासाला 900, जीएसटी वेगळा. पुढच्याच कामाचा बिल्डर ती वाचून म्हणाला, "काय भाऊ, आता एक कॉलम सरकवायचे बी पैसे? इतक्या वर्षांची ओळख आहे आपली." मी म्हटलं, एक कॉलम सरकवायला सहा तास लागतात, खालचं फुटिंग आणि वरचे सगळे बीम परत करावे लागतात. त्याने मान हलवली आणि सही केली. खरं तर ती ओळ कधी लागू होईल असं त्याला वाटलंच नसावं.

तीन आठवड्यांनी फोन आला. पार्किंगमध्ये गाडी वळत नाही, एक कॉलम दोन फूट सरकवा. मी सहा तासांचे 5,400 आणि जीएसटीचे 972, एकूण 6,372 चं कोटेशन पाठवलं. अर्ध्या तासाने त्याचा परत फोन. "राहू द्या भाऊ, गाडी वळून जाईल."