ब्लोअर कुणी बंद केला?

एकाच शिफ्ट सुपरवायझरला, एकाच रात्रीबद्दल, ‘नेतृत्व’ या रकान्यात युनिट व्यवस्थापकानं ५ दिले आणि तांत्रिक प्रमुखांनी २. दोघंही वीस-वीस वर्षं कापसात मुरलेली माणसं, आणि त्या सुपरवायझरशी दोघांचंही वाकडं नाही. वणी आणि राळेगाव पट्ट्यात युनिटं असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीसाठी मी कॉम्पिटन्सी फ्रेमवर्कचं, म्हणजे माणसाच्या कोणत्या क्षमता आणि त्या कशा मोजायच्या हे ठरवण्याचं काम करत होते. पगारवाढ या आकड्यांवर ठरणार होती, म्हणून मुख्य कार्यालयाचा निरोप आला: “व्यवस्थापकांना ट्रेनिंग द्या, त्यांना रेटिंग जमत नाही.” रेटिंगमध्ये फरक पडला की आधी माणसालाच दोष द्यायचा, ही कार्यालयांची जुनी खोड आहे. मी आधी फॉर्म मागवला.

फॉर्मवर ओळ होती: ‘कठीण प्रसंगी पुढाकार घेतो व सहकाऱ्यांना प्रभावीपणे सोबत घेतो.’

आता ती रात्र. ट्रॉलीतल्या कापसात दगड किंवा नटबोल्ट आला आणि तो जिनात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात गेला की ठिणगी उडते. कोरड्या कापसाला तेवढी पुरते. जिनांतून निघालेली रुई हवेच्या जोरावर नळीतून प्रेसकडे जाते, म्हणून अशा वेळी पहिलं काम विझवण्याचं नसतं, ब्लोअर बंद करण्याचं असतं. ब्लोअर चालू राहिला तर धुमसती रुई पुढे ओढली जाते आणि आग जागा बदलते. दुसरं काम बाहेरच्या माणसाला सुचत नाही. आगीच्या आसपासच्या वेळात दाबलेल्या गाठी गोडाऊनमध्ये न्यायच्या नाहीत, उघड्यावर एकमेकींपासून लांब ठेवून त्यांच्यावर नजर ठेवायची. दाबलेली रुई आतल्या आत कित्येक दिवस धुमसू शकते आणि वरून काही कळत नाही.

त्या रात्री सुपरवायझर स्वतः अग्निशामक घेऊन नळीपाशी धावला आणि त्याला बघून चार पोरं मागे धावली. आग आटोक्यात आली. मात्र ब्लोअर बऱ्याच उशिरा बंद झाला, तोही प्रेसवरच्या माणसानं आपणहून केला, आणि तेवढ्या वेळातल्या गाठी नेहमीसारख्या गोडाऊनमध्ये गेल्या. युनिट व्यवस्थापकानं धावणारा माणूस पाहिला, तांत्रिक प्रमुखांनी चालू राहिलेला ब्लोअर. ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागाला ५ मिळाले, दुसऱ्याला २. फॉर्मवर दोन वागणुकींसाठी चौकट एकच होती.

हा निव्वळ माझा तर्क ठरू नये म्हणून कंपनीच्या आठही व्यवस्थापकांना तो प्रसंग नाव न घालता पानभर लिहून दिला. प्रत्येकानं एकट्यानं, न बोलता आकडा द्यायचा आणि ज्या वाक्यामुळे तो दिला त्याच्याखाली रेघ मारायची. आकडे २ ते ५ असे पसरले. मला आकड्यांपेक्षा रेघा महत्त्वाच्या वाटतात. सगळ्यांनी एकाच वाक्याखाली रेघ मारून आकडे वेगळे दिले असते, तर कुणी कडक आणि कुणी सढळ म्हणता आलं असतं, आणि मग ट्रेनिंगचा उपयोग झाला असता. इथे रेघाच वेगवेगळ्या वाक्यांखाली होत्या. मापायची वस्तूच प्रत्येकाची वेगळी असताना ट्रेनिंग कशाचं देणार?

मग वर्तननिर्देशक, म्हणजे कोणती वागणूक बघून गुण द्यायचे त्या ओळी, पहिल्यापासून लिहायला घेतले. कच्चा माल म्हणजे प्रसंग. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॅनगननं १९५४ साली मांडली आणि अजूनही तिला तोड नाही: काय परिस्थिती होती, त्यानं नेमकं काय केलं, त्यातून काय झालं, एवढंच विचारायचं. विशेषण आलं की थांबवायचं. फोरमन सांगतो, “पोट्टा लय कामाचा हाय, मॅडम.” आपण म्हणायचं, “भाऊ, कामाचा म्हणजे? काय केलं त्यानं, ते सांगा ना.” तेव्हा कुठे निघतं, “मापाडी आला नव्हता, गाड्यांची लाइन सडकेपर्यंत गेली होती. यानं काट्यावर दुसरा बसवला अन् शेतकऱ्यायले सांगतलं का तुमचा नंबर दोन घंट्यानं लागन. मंग कोणी बोंबललं नाही.” हा प्रसंग कार्डावर जातो. ‘कामाचा’ जात नाही.

पुढची पायरी बहुतेक कंपन्या गाळतात, आणि फ्रेमवर्क तिथेच पडतं. १९६३ साली स्मिथ आणि केंडाल या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेली ही उलटी तपासणी आहे. ज्यांनी प्रसंग सांगितले त्यांना वगळून दुसऱ्या गटाला कार्डं पिसून द्यायची आणि प्रत्येक कार्ड कोणत्या कॉम्पिटन्सीत बसतं ते विचारायचं. किमान तीन चतुर्थांश लोकांनी एकाच ठिकाणी टाकलेली कार्डं आम्ही ठेवली. ‘संवाद’ आणि ‘माणसं सांभाळणे’ यांच्यात कार्डं इतकी निम्मी-निम्मी फुटली की ते दोन रकाने एक करावे लागले. ज्यांनी मूळ फॉर्म केला होता त्यांना ते रुचलं नाही. सात कॉम्पिटन्सींचं रंगीत चक्र छापून भिंतीवर लागलं होतं.

त्यानंतर उरलेल्या प्रत्येक कार्डाला त्याच गटाकडून १ ते ७ गुण घ्यायचे. सरासरी बघण्याआधी पसारा बघायचा. ज्या कार्डावर गुण दूरवर पसरतात ते मोजपट्टीवर खूण म्हणून चालत नाही, मग ते कितीही आवडतं असो. सगळ्यात आवडतं कार्ड नेमकं असंच निघालं: ‘रात्री जिन बंद पडलं तेव्हा सुपरवायझर फिटरसोबत स्वतः मशीनखाली शिरला.’ कुणी ७ दिले, कुणी २. ते काढायचं म्हटल्यावर मोठा वाद झाला. आपल्याकडे हाताला ग्रीस लागल्याशिवाय माणूस पुढारी मानला जात नाही, आणि त्यात तथ्यही आहे. पाहुण्यासारखा फिरणाऱ्या सुपरवायझरचं हमाल ऐकत नाहीत.

वाद मिटला तो एका प्रश्नानं: तो खाली शिरला तेव्हा बाकीच्या लायनीवर कोण होतं? ७ देणाऱ्यांनी मनात धरलं होतं की कुणीतरी असेलच. २ देणाऱ्यांनी धरलं होतं की कुणी नसेल. कार्डात ती अटच नव्हती. अट घालून निर्देशक असा झाला: ‘स्वतः हातानं काम करायला घेण्याआधी बाकीच्या लायनीची जबाबदारी नाव घेऊन एकाकडे देतो.’ यात क्रियापद एकच आहे. घडलं की नाही ते तिथे उभा असलेला कुणीही सांगू शकतो. ‘योग्य’, ‘प्रभावीपणे’, ‘नेहमी’ असले शब्द नाहीत, कारण अशा शब्दात वाचणारा स्वतःचं माप भरतो.

पायऱ्यांतही तोच रोग होता. जुन्या फॉर्मवर ३ म्हणजे ‘चांगला’, ४ म्हणजे ‘खूप चांगला’, ५ म्हणजे ‘उत्कृष्ट’. पायरी बदलली की वागणूक बदलली पाहिजे, नुसतं विशेषण बदलून भागत नाही. म्हणून आणीबाणीच्या निर्देशकाला खुणा अशा दिल्या. १ म्हणजे स्वतः धावतो, लायन तशीच चालू राहते. ३ म्हणजे आधी ब्लोअर आणि लायन बंद करवतो, मग कुणी काय करायचं ते नाव घेऊन सांगतो. ५ म्हणजे ३ मधलं सगळं करतो, शिवाय त्या वेळातल्या गाठी वेगळ्या काढवतो आणि पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरला त्या समोर उभं राहून दाखवतो. २ आणि ४ मुद्दाम कोरे ठेवले, अर्धवट झालेल्या गोष्टींसाठी. त्या रात्रीला या पट्टीवर १ किंवा फार तर २ मिळतात. धावण्याचं धाडस खोटं नव्हतं, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात आहे.

तपासणीसाठी दोन नवे प्रसंग दिले, एक चांगला हाताळलेला आणि एक बिघडवलेला. सगळ्यांनी आकडा कागदावर लिहून एकदमच वर करायचा, म्हणजे वरिष्ठांकडे बघून कुणी बदलत नाही. मग कुठल्या खुणेवरून दिला ते सांगायचं. आकडे एका पायरीच्या आत आले. पण नुसतं तेवढं बघून खूश होऊ नये. सगळ्यांनी सगळ्यांना ३ दिले तरी एकमत शंभर टक्केच दिसतं! दोन प्रसंगांच्या आकड्यांत अंतर पडलं का, ते बघायचं. ते पडलं, म्हणून पट्टी पास केली.

माझ्या डोक्यातून अजून जात नाही तो मात्र दुसराच सुपरवायझर. त्याच्या शिफ्टमध्ये हंगामभर ठिणगीच उडाली नाही. ट्रॉली रिकामी होताना तो माणूस उभा करतो, दगड-लोखंड वेचून घेतो, ओलसर कापूस बाजूला काढतो, जिनांखालचा कचरा साचू देत नाही. आणीबाणीच्या रकान्यात त्याच्यासमोर आलं ‘पुरावा नाही’. तो पर्याय मीच ठेवला होता, कारण न पाहिलेल्या गोष्टीला गुण देणं हा रेटिंगमधला सगळ्यात मोठा खोटेपणा आहे.

त्याच्यासाठी प्रतिबंधाचा निर्देशक घातला: ‘दर शिफ्टला जिनांखालची सफाई करवून रजिस्टरला नोंद करतो.’ थोड्याच दिवसांत सगळ्या युनिटांची रजिस्टरं भरली. पानभर एकच शाई, रोज बरोबर बारा वाजता, रोज ‘सफाई झाली’. खऱ्या नोंदी अशा एकसारख्या नसतात, वेळ मागेपुढे होते आणि एखादा दिवस सुटतो. मग निर्देशक बदलून ‘सफाईत काय सापडलं ते लिहितो’ असा केला. आता त्याच्या रजिस्टरला ‘दीड इंची बोल्ट, दोन गोटे, पट्ट्याचा तुकडा’ असं दिसतं. दुसऱ्यांच्या रजिस्टरांतही बोल्ट येऊ लागलेत. त्यातले किती खरे, ते रात्री बाराला युनिटवर असणाऱ्यालाच कळणार, आणि रेटिंग देणारे व्यवस्थापक संध्याकाळी सातला घरी जातात. भाषा कितीही घासली तरी ही फट तिच्यानं बुजत नाही. महिन्यातून दोन रात्री व्यवस्थापकानं युनिटवर थांबावं असं मी लिहून दिलंय. त्यावर उत्तर आलेलं नाही.

उत्तर आलं ते हिशेब विभागाकडून. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीत आकडा लागतो, ‘पुरावा नाही’ चालत नाही. पहिल्या यादीत क्लार्कनं तिथे ० टाकला आणि ज्याच्याकडे आग लागली नाही त्याची सरासरी आग लागलेल्याच्या खाली गेली. मी भांडल्यावर ० च्या जागी ३ आला. मला ती चौकट सरासरीतून वगळून हवी आहे, आणि तक्ता ज्यानं बनवला तो सध्या रजेवर आहे.