तुम्ही विचारलंत म्हणून: ६४ अंशांचं अंडं

"तुमच्याकडच्या अंड्याचं पांढरं कस्टर्डसारखं मऊ आणि बलक जॅमसारखा दाट कसा काय होतो? मी सहा मिनिटं, सात मिनिटं, सगळं करून पाहिलं. तुम्ही नेमकी किती मिनिटं उकळता?"

उकळते तीनच मिनिटं. त्यानंतर एक मिनिट बर्फाच्या पाण्यात, आणि मग पाऊण तास ६४ अंश सेल्सियसच्या पाण्यात. हे शेवटचं पाणी ६४ वरून हलू द्यायचं नाही, म्हणून त्यात सर्क्युलेटर लावलेला असतो. पातेल्याच्या कडेला चिमट्याने अडकवायची ही एक जाड दांडी. तिच्या पोटात हीटर असतो आणि पाणी फिरवणारा छोटा पंखा.

नुसत्या उकळण्यात अडचण अशी, की उष्णता बाहेरून आत जाते. बलक हवा तसा घट्ट होईपर्यंत कवचालगतचं पांढरं १०० अंशांच्या शेजारी बसून रबर होऊन जातं. बलक मऊ राखायला लवकर काढावं, तर आतलं पांढरं कच्चं. अर्ध्या मिनिटाच्या फरकाने चित्र बदलतं, आणि अंडं फ्रीजमधलं होतं की टोपलीतलं, लहान होतं की मोठं, यावर ते अर्धं मिनिट पुढेमागे सरकतं. म्हणून तुमची सहा मिनिटं आणि माझी सहा मिनिटं एक नसतात.

मग सगळं अंडं सरळ ६४ अंशांतच का नाही ठेवायचं? पुष्कळ लोक तेच करतात. पण पांढरं म्हणजे एकच पदार्थ नव्हे, त्यात बरीच प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाचा घट्ट होण्याचा अंश वेगळा. ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन साठीच्या थोडं वर गेलं की आळायला लागतं, पण ते पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. निम्म्याहून जास्त असतं ओव्हाल्ब्युमिन, आणि ते ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय दाद देत नाही. बलक मात्र ६३-६५ लाच दाट होऊ लागतो. म्हणजे ६४ अंशांवर बलक सुरेख होतो, आणि पांढऱ्यातलं थोडंसं प्रथिन बाकीच्याला कसंबसं धरून ठेवतं. त्यातून जे मिळतं ते खरवसाच्या पहिल्या, हलक्या वडीसारखं थरथरणारं. मला ते आवडतं. पण कवचाला चिकटून जो पातळ पांढऱ्याचा थर असतो तो तसाच पाण्यासारखा राहतो, आणि अंडं फोडल्यावर तो बशीभर पसरला की जेवायला बसलेल्यांची तोंडं वाकडी होतात. जपानमध्ये गरम झऱ्यांच्या पाण्यात करतात ते ओनसेन तामागो याच जातीचं. तिथे ते वाटीत फोडून, वर सोयासॉस घातलेलं दाशी नावाचं पातळ जपानी सार ओतून खातात, त्यामुळे ओघळणं खपून जातं. आपल्याला पावाबरोबर खायचं असेल तर नाही खपत.

सुरुवातीची तीन मिनिटं त्या बाहेरच्या थरासाठी आहेत. उकळत्या पाण्यात तेवढ्या वेळात फक्त कवचालगतचं पांढरं आळतं, बलकापर्यंत आच पोचतच नाही. बर्फाचं पाणी ती आच तिथेच थांबवतं. मग ६४ अंशांत आतलं सगळं सावकाश एका तापमानाला येतं. अंडं कापलं की कडेला नेहमीच्या उकडलेल्या अंड्यासारखा पातळ थर, त्याच्या आत कस्टर्ड, आणि मधला बलक चमच्यावर चढतो पण चमच्यावरून वाहत नाही.

चार अंडी करायची असतील तर मी पाच लिटरचं पातेलं घेते. सर्क्युलेटरवर पाण्याच्या कमाल-किमान रेघा असतात, त्यांच्या मध्ये पाणी भरून ६४ लावते आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबते. दुसऱ्या शेगडीवर उकळतं पाणी. अंडी फ्रीजमधून काढून थेट झाऱ्याने त्यात सोडायची, पाणी चांगलं खळखळत असू द्यायचं. तीन मिनिटांनी बर्फात, मिनिटभराने पातेल्यात. पंख्याच्या प्रवाहात अंडी एकमेकांवर आपटतात म्हणून ती स्टीलच्या चाळणीत ठेवून चाळणीच पाण्यात उतरवते. तडा गेलेलं अंडं सुरुवातीलाच बाजूला काढा. पांढरं पाण्यात सुटून हीटरवर बसलं, तर ते खरवडण्यात सकाळ जाते. बोअरच्या पाण्याने हीटरवर पांढरा थर धरत असेल, तर अधूनमधून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात सर्क्युलेटर चालवून घ्या.

सूविदचं, म्हणजे पिशवीत बंद करून अशाच ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात शिजवलेलं मांस पाऊण तास ठेवलं काय आणि सव्वा तास ठेवलं काय, फार बिघडत नाही. ती सवय अंड्याला लावू नका. बलक एकाच तापमानावर बसला तरी वेळेबरोबर घट्ट होतच राहतो. पाऊण तासाचा जॅम दीड तासाने दाट मलम होतो. उलट ६२ वर तो पाऊण तासानेही ओघळेल, आणि ६७ वर बोटांनी वळता येईल इतका घट्ट होईल. म्हणून पहिल्यांदा करताना एक अंडं जास्तीचं टाका आणि ४० मिनिटांनी ते फोडून बघा. बलक ओघळतोय तर बाकीची राहू द्या, चमच्यावर टिकतोय तर काढा.

अंड्याच्या वयाचा त्रासही इथे कळतो. ताज्या अंड्याचं पांढरं दाट असतं, फोडल्यावर आटोपशीर राहतं, पण कवच सोडत नाही. आठवडाभर जुन्या अंड्याचं कवच सहज निघतं, पण त्यात पातळ पांढरं वाढलेलं असतं. सोलून द्यायचं असेल तर जुनं घ्या, बशीत फोडायचं असेल तर ताजं. सोलताना रुंद टोकाकडून, जिथे हवेची पोकळी असते तिथून, गार पाण्याखाली सुरुवात करा. हे अंडं मऊ असतं, जोर लावलात तर चिरतं.

२०२५ साली नेपल्समधल्या संशोधकांनी याच भांडणावर वेगळा तोडगा काढला. १०० अंशांचं पाणी आणि ३० अंशांचं पाणी, दर दोन मिनिटांनी अंडं इकडून तिकडे, एकूण ३२ मिनिटं. पांढरं तापतं-निवतं, बलक मात्र ६७ अंशांच्या आसपास टिकून राहतो. तर्क बिनतोड आहे, पण अर्धा तास दोन पातेल्यांच्या मध्ये उभं राहण्याचा माझा पिंड नाही. सर्क्युलेटर लावून मी आंघोळ करून येते.

अंडा करीत घालायचं म्हणून विचारत असाल, तर रस्सा आधी पूर्ण करून गॅस बंद करा, दोन मिनिटं निवू द्या आणि मग सोललेली अंडी सोडा. उकळत्या रश्श्यात टाकलीत, तर बलक पुन्हा नेहमीच्या अंड्यासारखा कोरडा होणार आणि पाऊण तास फुकट. एरवी मी लादी पाव तव्यावर लोण्यात भाजते, बलक त्यावर फासते, वर मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी.