‘भिंत नको’ म्हणणाऱ्या निबंधाला गुण देताना

सांगलीतल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या निबंध स्पर्धेचं परीक्षण माझ्याकडे होतं. विषय होता ‘सांगलीच्या पुरावर उपाय’. बहुतेकांनी धरणातला विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा आणि नदीकाठची संरक्षक भिंत हीच वाट धरली होती. एका निबंधाचं पहिलंच वाक्य मात्र ‘सांगलीला भिंत नको’ असं होतं. त्या एका निबंधाच्या गुणांचा हिशेब इथे मांडते, कारण परीक्षकाचा हात नेमका कुठे घसरतो ते त्यात सगळं दिसतं.

गुण 50 होते. माहितीची अचूकता 12, युक्तिवाद 18, मौलिकता 10, भाषा आणि मांडणी 10. युक्तिवादाच्या 18 मध्ये तीन मुद्द्यांना प्रत्येकी 4 आणि समोरच्या बाजूच्या सर्वांत जोरदार आक्षेपाला दिलेल्या उत्तराला 6. ही फोड गठ्ठा उघडण्याआधी कागदावर उतरवायची. निबंध वाचल्यावर केली, तर आवडलेल्या निबंधाला सोयीची अशीच ती होते.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं. ते संपलं की निबंधाची भूमिका एका वाक्यात लिहायची आणि तिच्याखाली मुद्दे. मी लिहिलं होतं: ‘भिंत बांधू नये, सखल भागातल्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवण्याची सक्ती करावी.’ हे वाक्य लिहिताना आपल्याला ते पटतं का, हा प्रश्न मनात येतोच. तो तिथेच सोडायचा, कारण भूमिकेला चूक किंवा बरोबर असे गुण नसतात. चूक असू शकतं ते विधान, किंवा विधानावरून काढलेला निष्कर्ष.

या निबंधाचे मुद्दे तीन होते. पहिला: भिंतीने सांगलीच्या बाजूचं पाणी अडलं, तर त्याचा काही भार समोरच्या काठावर, सांगलवाडीकडे जाईल. दुसरा: भिंत उभी राहिली की शहरातल्या नाल्यांची तोंडं पुराच्या वेळी दारं लावून बंद करावी लागतील, आणि शहरात पडलेला पाऊस आतच साठून पंपाने उपसावा लागेल. तिसरा: पंचगंगा सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेला मिळते, त्यामुळे तिचंही पाणी शहरात येतं आणि भिंत तिकडपर्यंत न्यावी लागेल.

तिसऱ्या मुद्द्याचं मूळ विधानच खोटं आहे. कोयना कऱ्हाडला मिळते आणि तिचं पाणी सांगलीवरून जातं. वारणा हरिपूरला मिळते. पंचगंगा त्याही खाली, नृसिंहवाडीला मिळते. शिवाय निबंधात 2019 च्या पुराची आयर्विन पुलाजवळची पातळी 60 फूट दिली होती. ती साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास होती.

दोन्ही चुका माहितीच्याच, पण त्यांचं वजन सारखं नाही. ते ठरवायला मी चुकीचं वाक्य बोटाने झाकते आणि परिच्छेद पुन्हा वाचते. 60 फूट झाकलं तरी पाणी 45 फुटांच्या धोका पातळीच्या खूप वर गेलं होतं, हा त्या परिच्छेदाचा आशय जागेवर राहतो. ही चूक अचूकतेच्या रकान्यात, 1 गुण वजा. पंचगंगेचं वाक्य झाकलं तर परिच्छेदात उरतं फक्त ‘भिंत तिकडपर्यंत न्यावी लागेल’, आणि ते का, याला उत्तर राहत नाही. ही चूक युक्तिवादाच्या रकान्यात, 4 पैकी 1. तो 1 एवढ्यासाठी की भिंतीची लांबी हा प्रश्न तरी विद्यार्थ्याने उपस्थित केला. हीच चूक अचूकतेत पुन्हा कापायची नाही. एकाच चुकीला दोन रकान्यांत शिक्षा होणं ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली गफलत आहे, आणि वेगळी भूमिका घेणाऱ्या निबंधावर ती जास्त होते, कारण तिथे परीक्षक चूक शोधायच्या तयारीनेच बसलेला असतो.

याच्या उलट मोहही तितकाच खरा. नृसिंहवाडीला पंचगंगेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला वेळ लागतो आणि सांगलीतलं पाणी सावकाश ओसरतं. म्हणजे पंचगंगेचा सांगलीच्या पुराशी संबंध आहे. जाणकार परीक्षक वाचता वाचता मनातल्या मनात हे जोडून घेतो आणि ‘त्याला हेच म्हणायचं असणार’ म्हणून 3 गुण देतो. कागदावर ते नव्हतं. आपल्या ज्ञानाने विद्यार्थ्याचा युक्तिवाद पुरा करायचा नाही.

आक्षेप होता तो नदीकाठच्या रहिवाशांचा. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरमधल्या आधीच बांधलेल्या घरांचं काय? निबंधात ‘नवीन बांधकामाला नियम लावावा’ इतकंच होतं. अर्धं उत्तर, 6 पैकी 3. युक्तिवाद एकूण 4, 4, 1 आणि 3, म्हणजे 12.

मौलिकतेचे गुण मी सगळ्यांत शेवटी देते. दहा सारखे निबंध वाचल्यावर अकरावा वेगळा आला की तो आहे त्याहून उजळ वाटतो, म्हणून त्या रकान्यासाठी तो दुसऱ्या दिवशी, चांगल्या पण नेहमीच्या वाटेच्या एका निबंधाशेजारी ठेवून वाचला. पाहायचं एवढंच की वेगळ्या भूमिकेमुळे विद्यार्थ्याला एरवी कोणाच्या नजरेत न आलेली गोष्ट दिसली का. इथे नाल्यांची तोंडं दिसली होती. भिंत हवी म्हणणाऱ्या एकाही निबंधात ती नव्हती. 10 पैकी 8.

त्याच गठ्ठ्यात ‘पूर हे वरदान, शेतात गाळ येतो’ असाही निबंध होता. भूमिका दुर्मिळ खरी, पण दिवसेंदिवस पाण्याखाली राहून शेंडा कुजलेल्या उसाचा त्यात उल्लेखच नव्हता. त्याला 4. युक्तिवादात निम्म्याहून कमी गुण असतील तर मौलिकतेला 5 च्या वर जायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. नेहमीचं मत उलटं करून लिहिणं कोणालाही जमतं.

भाषेचे 7 आणि अचूकतेचे 11 धरून माझी बेरीज 38 झाली. दुसरे परीक्षक स्वतंत्रपणे तपासत होते, त्यांचे 29 होते. फरक 5 हून जास्त असेल तर समोरासमोर बसायचं, असा नियम होता. एकूण गुणांवर बोललो असतो तर 33 वर तडजोड झाली असती आणि दोघांचीही चूक तशीच राहिली असती. म्हणून आम्ही रकाने शेजारी ठेवले. त्यांचे अचूकतेत 6, युक्तिवादात 9, मौलिकतेत 7, भाषेत 7 होते. मी विचारलं, “सर, अचूकतेत सहा का कापलेत?” ते म्हणाले, “एक फुटांचा आणि पाच पंचगंगेचे. एवढी मोठी चूक आहे, मॅडम.” मी त्यांना त्यांचाच युक्तिवादाचा रकाना दाखवला. तिसऱ्या मुद्द्याला तिथे आधीच शून्य होतं. त्यांनी 5 परत दिले आणि 34 झाले. आक्षेपाच्या उत्तराला त्यांनी 2 दिले होते आणि ते त्यावर ठाम राहिले. तो मताचा फरक होता, तो तसाच ठेवला. निबंधावर 36 गुण लिहिले, आणि समासात पंचगंगेच्या वाक्याखाली रेघ ओढून ‘नकाशा पाहा’.